दीडशे अंशांचा हिशेब

पत्रिका जुळवताना ‘षडाष्टक आहे’ असं गुरुजींनी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: प्रीतिषडाष्टक की मृत्युषडाष्टक? एकाची रास मेष, दुसऱ्याची कन्या. मेषेपासून कन्या सहावी आणि कन्येपासून मेष आठवी, म्हणून षडाष्टक. मेष आणि वृश्चिक यांचंही षडाष्टकच, पण दोन्ही राशींचा स्वामी मंगळ, म्हणून ते प्रीतीचं. एवढ्यावर निकाल लागतो. चंद्र मेषेच्या दुसऱ्या अंशात आहे की अठ्ठाविसाव्या, हे इथे कोणी विचारत नाही, कारण हा हिशेब राशींचा आहे, अंशांचा नाही.

पाश्चात्त्य ज्योतिषात हेच नातं अंशांनी मोजतात. दोन ग्रहांमध्ये १५० अंशांचं अंतर असलं की त्याला क्विंकन्क्स म्हणतात. वर्तुळाचे बारा भाग केले तर त्यातले पाच भाग, म्हणजे १५० अंश. आणि एकमेकांपासून ६० अंशांवर असलेले दोन ग्रह तिसऱ्या एका ग्रहाशी प्रत्येकी १५० अंशांचा योग करत असतील, तर जी लांबट, टोकदार त्रिकोणाची आकृती तयार होते तिचं नाव योड. तिला ‘देवाचं बोट’ असंही म्हणतात. टोकावरचा ग्रह हा त्या बोटाचा शेंडा. नाव इतकं भारदस्त असल्यावर आपल्याही पत्रिकेत ते असावं असं कोणालाही वाटणारच. आणि ते सापडतंही, फक्त मोजताना हात जरा सैल सोडावा लागतो. तो किती सैल सोडायचा हाच सगळा वादाचा मुद्दा आहे.

योग अगदी काटेकोर अंशाला क्वचितच होतो. म्हणून नेमक्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे काही अंशांची सूट देतात. मराठी ज्योतिषी तिला दीप्तांश म्हणतात, इंग्रजीत ऑर्ब. नवपंचम म्हणजे १२० अंश, पण ११५ किंवा १२५ अंशांवरही नवपंचम धरतात. अशीच सूट १५० अंशांना किती द्यायची, याचं जुनं, परंपरेने आलेलं उत्तर नाही. त्याचं कारण सरळ आहे. जुन्या परंपरेत १५० अंशांचा योगच नव्हता.

दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने ‘टेट्राबिब्लोस’मध्ये जी नाती मान्य केली ती प्रतियोग, नवपंचम, केंद्रयोग आणि लाभयोग, म्हणजे १८०, १२०, ९० आणि ६० अंशांची. एकमेकींपासून दुसऱ्या-बाराव्या आणि सहाव्या-आठव्या राशींना त्याने ‘असंबद्ध’ ठरवलं. त्या एकमेकींना पाहतच नाहीत, मग योग कसला? आपल्याकडच्या ताजिक पद्धतीतही सहाव्या-आठव्या घरांमध्ये दृष्टी नाही. पाराशरी पद्धतीत मात्र मंगळाला आठवी दृष्टी दिली आहे, म्हणजे षडाष्टकातल्या एका घराकडे तो पाहतो. हा अपवाद पाश्चात्त्य अभ्यासकांना सांगितला की ते चकित होतात.

त्या काळी सूट ग्रहाला असे, योगाला नव्हे. सूर्याचा प्रकाश मोठा म्हणून त्याला १५ अंश, चंद्राला १२, गुरू आणि शनीला ९, मंगळाला ८, बुध-शुक्राला ७. दोन ग्रहांच्या दीप्तांशांची बेरीज करून तिचं अर्ध घ्यायचं, की त्या जोडीची मर्यादा मिळते. सूर्य-चंद्रासाठी ती साडेतेरा अंश येते. नीलकंठाची ‘ताजिक नीलकंठी’ १५८७ची आणि लंडनच्या विल्यम लिलीचं ‘ख्रिश्चन ॲस्ट्रॉलॉजी’ १६४७चं. दोघांचीही विचाराची पद्धत हीच, कारण दोघांकडे ती अरबी-फारसी ग्रंथांच्या वाटेने आली होती.

मग केप्लर आला. १६१९च्या ‘हार्मोनिकेस मुंडी’त त्याने वर्तुळात बसणाऱ्या बहुभुजांच्या भूमितीवरून नवे योग मांडले: ७२, १३५, १४४ आणि त्यांच्यासोबत १५०. राशी कोणती याला त्याच्या लेखी महत्त्व नव्हतं, पृथ्वीवर पडणारा कोन महत्त्वाचा होता. इथे योग राशीपासून सुटा झाला आणि अंतराची गोष्ट बनला. पण नव्या योगांना जुने दीप्तांश लावणं शक्य नव्हतं. सूर्य-चंद्राची साडेतेरा अंशांची सूट १५० अंशांना दिली, तर १३६.५ पासून १६३.५ पर्यंत सगळंच क्विंकन्क्स होईल आणि त्यात १४४ अंशांचा योग अख्खा गिळला जाईल.

या शेजाऱ्यांकडे नीट पाहायला हवं, कारण खरी मर्यादा तेच ठरवतात. १५०च्या अलीकडे ६ अंशांवर १४४चा योग आहे, ज्याला बायक्विंटाइल म्हणतात, म्हणजे वर्तुळाचे पाच भाग करून त्यातले दोन. दोघांना समान वागवायचं तर हद्द मधोमध, १४७ला पडते. म्हणजे अलीकडच्या बाजूला तीन अंशांहून जास्त सूट देताच येत नाही. पलीकडे, वर्तुळाचे सात भाग मानणाऱ्यांसाठी, १५४ अंश १७ कलांवर तीन-सप्तमांश योग येतो. तो मान्य केला तर त्या बाजूची हद्द दोन अंशांच्या जरा पुढेच संपते. म्हणून क्विंकन्क्सला दोन ते तीन अंश हा जो आकडा पुस्तकांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतो, तो कोणाच्या लहरीतून आलेला नाही. ज्याला हे छोटे योग वाचायचेच आहेत, त्याला त्याहून सैल राहून चालणार नाही. दोन नावं एकाच अंतरावर हक्क सांगू लागली की दोन्हींचा अर्थ जातो.

विसाव्या शतकातले ब्रिटिश अभ्यासक जॉन ॲडी याहून कडक होते. वर्तुळाचे जितके भाग करून योग बनतो तितक्याने युतीची सूट भागायची, असा त्यांचा नियम. युतीला १२ अंश दिले तर प्रतियोगाला ६, नवपंचमाला ४, केंद्रयोगाला ३, लाभयोगाला २ आणि बारा भागांतून आलेल्या क्विंकन्क्सला फक्त १. मला हा नियम आवडतो, कारण तो पत्रिका कोणाची आहे हे विचारत नाही.

सूट वाढवली की काय होतं, ते साध्या गुणाकाराने दिसतं. युती, प्रतियोग, केंद्र, नवपंचम आणि लाभ या पाच मोठ्या योगांना दोन्हीकडे ८ अंश दिले, तर वर्तुळातले १२८ अंश व्यापले जातात. त्यात ३०, ४५, ७२, १३५, १४४ आणि १५० हे सहा छोटे योग ३-३ अंशांच्या सुटीने घातले, की आणखी ७२ भरतात. बेरीज २००. म्हणजे ३६० अंशांच्या वर्तुळात कुठेही दोन ग्रह टाका, त्यांच्यात काहीतरी ‘योग’ निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. फक्त क्विंकन्क्स पाहायचं तर: दहा ग्रहांच्या ४५ जोड्या होतात. सूर्य, बुध, शुक्र आपसात कधीच इतके दूर जात नाहीत, तेव्हा ४२ उरल्या. १ अंशाच्या सुटीत साधारण दोन पत्रिकांमागे एक क्विंकन्क्स सापडतं, ३ अंशांत एका पत्रिकेत सरासरी जवळपास दीड, ५ अंशांत सव्वादोनच्या वर. पाच अंश देणाऱ्या ज्योतिष्याला ‘जुळवून घ्यावं लागणारा ताण’ बहुतेक प्रत्येक माणसात दिसतो, यात नवल नाही.

आता सगळ्यांच्या ओळखीची एक पत्रिका घेऊ. १५ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्रीची भारताची कुंडली: वृषभ लग्न, कर्केत पाच ग्रह. तिच्यात गुरू आणि हर्षल यांचं नातं काय? निरयन पद्धतीने गुरू तुळेत, हर्षल मिथुनेत, म्हणजे राशीने नवपंचम. सायन पद्धतीने गुरू वृश्चिकेच्या १९ अंशांवर आणि हर्षल मिथुनेच्या सुमारे २५ अंशांवर. मिथुन-वृश्चिक म्हटल्यावर राशीने षडाष्टक. प्रत्यक्ष अंतर मोजलं तर ते येतं साधारण १४४ अंश, दीडशेपासून तब्बल सहा अंश दूर. म्हणजे केप्लरचा बायक्विंटाइल, आणि तोही जवळजवळ नेमका. ग्रह तेच, रात्र तीच, आणि तीन पद्धतींनी तीन नाती. अयनांश वजा केल्याने ग्रहाची रास बदलते, दोन ग्रहांमधलं अंतर बदलत नाही, कारण दोन्हींतून सारखीच रक्कम वजा होते. म्हणून अंशात्मक योग पाहणाऱ्याला सायन-निरयनाचा वाद आड येत नाही. मात्र त्याने मध्येच राशीचा आधार घेऊन सहा अंश दूरचं क्विंकन्क्स पदरात पाडून घेऊ नये. ‘अंशाने थोडं दूर आहे, पण राशीने षडाष्टक आहेच ना’ हे वाक्य ऐकलं की समजावं, सूट आता पत्रिका पाहून ठरते आहे.

योडमध्ये ही सूट तीन ठिकाणी लागते आणि तिथे एक छोटं गणित मदतीला येतं. ६०, १५० आणि १५० यांची बेरीज ३६०. वर्तुळ पूर्ण भरतं. त्यामुळे तीन बाजूंच्या चुका एकमेकींना बांधलेल्या असतात. एक बाजू दोन अंशांनी वाढली, तर उरलेल्या दोघींनी मिळून दोन अंश कमी व्हायलाच हवेत. दोन्ही क्विंकन्क्स ३-३ अंशांनी कमी, म्हणजे १४७ असतील, तर पाया ६६ अंशांचा होतो. हा लाभयोग बऱ्याच जणांच्या मर्यादेत बसतो, आणि मग ‘योड आहे’ असं लिहिलं जातं. खरं तर त्या वेळी तिन्ही बाजू एकाच वेळी ताणलेल्या असतात.

उदाहरणासाठी मे १९८५ घेऊ. त्या महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात प्लुटो सायन वृश्चिकेच्या आणि नेपच्यून सायन मकरेच्या साधारण तिसऱ्या अंशात होता. पाया जवळजवळ अचूक ६० अंशांचा. योडचं टोक तेव्हा मिथुनेच्या तिसऱ्या अंशाशी येतं, आणि सूर्य तिथे २४ मेच्या सुमारास पोहोचला. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत सूर्य टोकावर असलेलं योड नि:संशय आहे. दोन दिवस आधी, २२ मेला, दोन्ही क्विंकन्क्स सुमारे दोन-दोन अंशांनी चुकतात. अजूनही बहुतेक जण योड मानतील, ॲडी मानणार नाहीत.

आता २० मेच्या सकाळी जन्मलेलं मूल पाहा. सूर्य वृषभेच्या अखेरच्या अंशात. प्लुटोपासूनचं अंतर सुमारे १५३.८, नेपच्यूनपासूनचं सुमारे १४६.१. पाच अंशांची सूट देणारा सांगेल, योड आहे. पण १४६.१ हे अंतर दीडशेपेक्षा १४४च्या जवळ आहे, आणि १५३.८ हे तर तीन-सप्तमांशापासून अर्ध्याच अंशावर. म्हणजे सैल सुटीने जे योड दिसलं, त्याच्या दोन्ही बाजू खरं तर दुसऱ्याच दोन योगांच्या हद्दीत उभ्या आहेत. पायाचा लाभयोग तेवढा खरा. शेंडा नसलेलं हे बोट कोणाकडे दाखवणार? आणि चार दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन मुलांना एकच भविष्य सांगायचं की वेगवेगळं, हे ज्योतिष्याने सुटीचा आकडा आधी ठरवला असेल तरच प्रामाणिकपणे सांगता येतं.

नेपच्यून आणि प्लुटो मुद्दाम घेतले, कारण आजकाल दिसणाऱ्या कितीतरी योडांचा पाया हेच दोघं आहेत. प्लुटोची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता आणि १९८९ साली सर्वांत जवळ. सूर्याजवळ आल्यावर त्याचा वेग वाढतो, इतका की एरवी मागे पडणारा प्लुटो दशकानुदशकं नेपच्यूनच्या चालीने चालत राहिला. परिणामी विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे दोन ग्रह ६० अंशांच्या आसपासच रेंगाळत आहेत. पाया असा तयारच असल्यावर टोकावर कोणीतरी येणं ही वेळापत्रकाची गोष्ट राहते. पाया अचूक असेल आणि सूट दोन अंशांची असेल, तर चंद्र दर महिन्याला सुमारे सात तास या टोकावर असतो आणि सूर्य दर वर्षी चार दिवस. बुध, शुक्र, मंगळही आपापल्या फेरीत येऊन जातात. सध्या नेपच्यून सायन मेषेच्या आणि प्लुटो सायन कुंभेच्या पहिल्या काही अंशांत आहे, त्यामुळे सूर्याचे ते चार दिवस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पडतात. ‘दुर्मीळ योड’ असं ज्याचं वर्णन केलं जातं, ते त्या आठवड्यात जगभर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत असतं. माझं मत असं, की अशा योडाला व्यक्तीचं योड म्हणू नये. टोकावरचा ग्रह लग्नेश असेल किंवा लग्नबिंदूच टोकावर असेल, तरच ते त्या माणसाचं होतं.

आणि लग्नबिंदू टोकावर आला की सुटीचा प्रश्न घड्याळात शिरतो. लग्न सरासरी चार मिनिटांना एक अंश सरकतं. दोन अंशांच्या सुटीत लग्नाचं योड फार तर सोळा मिनिटं टिकतं, एक अंशाच्या सुटीत आठ. जन्मवेळ ‘साडेदहा’ अशी सांगितली असेल, तर ती १० वाजून २३ मिनिटं होती की ३७, हे कोणाला ठाऊक? गोल आकड्याच्या जन्मवेळेवरून लग्नाचं योड वाचणं म्हणजे नसलेल्या अचूकतेवर निकाल देणं. ग्रहांच्या योडाला ही अडचण नाही. चंद्रालाही एक अंश सरकायला दोन तासांच्या आसपास लागतात.

फलिताबद्दल थोडंच सांगतो. क्विंकन्क्समधल्या राशींचं तत्त्व वेगळं, चर-स्थिर-द्विस्वभाव हा गुणही वेगळा, एक पुरुष रास तर दुसरी स्त्री रास. म्हणून एकमेकांची भाषा न कळणारे दोन ग्रह, सतत करावी लागणारी तडजोड, असा अर्थ परंपरेने लावला जातो. योडमध्ये पायाचे दोन ग्रह आपसात खूश असतात आणि दोघं मिळून तिसऱ्याला बेचैन करतात. टोकाच्या ग्रहाने दाखवलेल्या विषयात माणसाला वळण घ्यावंच लागतं, असं वाचन केलं जातं. हे वाचन आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिष्यांनी पत्रिकांवरून हुशार मुलं आणि मतिमंद मुलं वेगळी करण्याचा प्रयत्न केला. त्यांची बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली, छापा-काट्याहून काहीच सरस नाहीत. त्या चाचणीत योड तपासलं गेलं नव्हतं. पण योड कधी तपासायचं झालंच, तर पहिली अट हीच असेल की सुटीचा आकडा पत्रिका उघडण्याआधी कागदावर लिहून ठेवायचा.

ज्योतिष न मानणाऱ्यालाही हा नियम पटावा. मानणाऱ्याला तर तो अधिकच उपयोगी आहे. कोणी तुमच्या पत्रिकेत योड सांगितलं, तर अर्थ विचारण्याआधी तिन्ही ग्रहांचे स्पष्ट अंश आणि कला मागून घ्या. दर राशीला ३० अंश धरून प्रत्येकाचं मेषारंभापासूनचं अंतर काढा. जोड्या-जोड्यांची वजाबाकी करा आणि १८०च्या वर गेलेला आकडा ३६० मधून वजा करा. एक आकडा ५८ ते ६२च्या आत आणि दोन आकडे १४८ ते १५२च्या आत आले, तर पुढचं बोलणं ऐकायला हरकत नाही. १४५ किंवा १५५ आला, तर समोरच्याला विचारा की त्यांची सूट किती आहे, आणि शेजारच्या पत्रिकेला त्यांनी तेवढीच दिली होती का.